अर्जासोबतचा ईमेल तपासताना: आधी रोख, मग पुनरुक्ती, शेवटी लांबी

नोकरीच्या अर्जासोबत पाठवायचा ईमेल बहुतेक जण तपासतात, पण उलट्या क्रमाने तपासतात. ईमेल लांब वाटला की ते इथला एक शब्द, तिथले एक विशेषण काढत बसतात. मजकूर थोडा आखूड होतो, परंतु ज्या वाक्यासाठी ईमेल वाचला जायला हवा ते वाक्य जिथे दडलेले होते तिथेच राहते. लांबी हा बहुतेक वेळा रोख चुकल्याचा आणि एकच गोष्ट दोन-तीनदा सांगितल्याचा परिणाम असतो. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

उदाहरणासाठी माझ्या भाचीचा ईमेल घेतला आहे. ती कळव्याला राहते, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका इंजिनिअरिंग कंपनीत लेखा विभागात काम करते आणि तिने नवी मुंबईत महापे येथील एका कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज केला. मूळ ईमेल इंग्रजीत होता. तपासणी स्पष्ट दिसावी म्हणून तो येथे मराठीत मांडला आहे. इंग्रजी ईमेललाही हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडते, फक्त शब्दसंख्येचा हिशोब वेगळा आहे आणि तो पाचव्या टप्प्यात दिला आहे.

## पूर्वतयारी

ईमेल थेट मेलच्या चौकटीत तपासू नये. मजकूर गूगल डॉक्स किंवा वर्डमध्ये उतरवून घ्यावा, कारण शब्द मोजणे आणि शब्द शोधणे ही दोन्ही कामे तेथे सोपी होतात. मेलमध्ये ‘प्रति’ची जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवावी, म्हणजे अर्धवट मसुदा चुकून निघून जाणार नाही.

समोर तीन गोष्टी असाव्यात: जाहिरातीचा पूर्ण मजकूर, बायोडेटा आणि ईमेलचा मसुदा. जाहिरात आठवणीतून वापरू नये. आठवणीत पदाचे नाव आणि पगार राहतो, अटी राहत नाहीत.

मसुदा लिहिल्यावर लगेच तपासायला बसू नये. संध्याकाळी लिहिला असेल तर सकाळी तपासावा. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर निदान जेवणाएवढा खंड पडू द्यावा.

## टप्पा १: जाहिरातीतील मागण्या वेगळ्या काढणे

जाहिरात वाचून त्यातील प्रत्यक्ष मागण्या एका कागदावर उतरवाव्यात. ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘संघभावना’ अशा प्रत्येक जाहिरातीत येणाऱ्या गोष्टी सोडून द्याव्यात. भाचीच्या जाहिरातीतून पाच मागण्या निघाल्या:

१. जीएसटी विवरणपत्रे आणि जीएसटीआर-२बीचा मेळ
२. पुरवठादारांची देणी
३. टॅली
४. किमान ३ वर्षांचा अनुभव
५. लवकर रुजू होणाऱ्यास प्राधान्य

यांपैकी कोणती मागणी कंपनीला सर्वांत जास्त टोचते आहे, ते ठरवावे. जी गोष्ट जाहिरातीत सर्वांत वर आहे, दोनदा आली आहे किंवा इतरांपेक्षा अधिक नेमक्या शब्दांत लिहिली आहे, ती बहुधा हीच असते. येथे ‘जीएसटी’ एवढेच न लिहिता २बीच्या मेळाचा वेगळा उल्लेख होता. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवले नाही तर खरेदी करणाऱ्या कंपनीला त्या बिलावरील कराचे क्रेडिट घेता येत नाही, आणि २बी हे विवरण नेमके तेच दाखवते. ज्या कंपनीने हा शब्द जाहिरातीत मुद्दाम घातला, तिचे पैसे तेथे अडकत असावेत, असा अंदाज करता येतो. ईमेलचा रोख तिथे लागायला हवा.

तपासा: जी मागणी तुम्ही मुख्य म्हणून निवडली, तिच्याबद्दल तुमच्याकडे सांगण्यासारखे प्रत्यक्ष काम आहे ना? नसेल, तर यादीतील दुसऱ्या क्रमांकाची मागणी घ्यावी. न केलेल्या कामावर ईमेलचा रोख लावल्यास मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होते.

## टप्पा २: प्रत्येक वाक्याला क्रमांक आणि खूण

आता मसुद्यातील प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर घेऊन त्याला क्रमांक द्यावा. परिच्छेदात वाचताना वाक्ये एकमेकांच्या आड लपतात. ओळीने मांडली की प्रत्येक वाक्याला स्वतःचा जाब द्यावा लागतो. भाचीचा मसुदा असा होता:

१. हा ईमेल मी आपल्या कंपनीतील अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करण्याकरिता लिहीत आहे.
२. आपली जाहिरात पाहून मला अतिशय आनंद झाला.
३. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून मला लेखा क्षेत्रातील चार वर्षांचा अनुभव आहे.
४. मी सध्या वागळे इस्टेटमधील एका इंजिनिअरिंग कंपनीत लेखा विभागात काम करते.
५. तेथे मी खरेदीची बिले तपासणे, टॅलीमध्ये नोंदी करणे, पुरवठादारांची देणी, बँक मेळ, जीएसटी, टीडीएस अशी सर्व कामे पाहते.
६. मी मेहनती, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय आहे.
७. कोणतेही काम मी वेळेत आणि जबाबदारीने पूर्ण करते.
८. गेल्या चार वर्षांत मी लेखा कामाचा सखोल अनुभव घेतला आहे.
९. दर महिन्याला जीएसटीआर-२बीमध्ये न दिसणाऱ्या बिलांबाबत पुरवठादारांकडे पाठपुरावा करण्याचे कामही मीच करते.
१०. मला नवीन गोष्टी शिकायला आवडते आणि मी दबावाखालीही काम करू शकते.
११. आपली कंपनी नामांकित असून तेथे काम करण्याची संधी मिळाली तर मी स्वतःला भाग्यवान समजेन.
१२. माझ्या अनुभवाचा आपल्या कंपनीला नक्कीच उपयोग होईल, अशी मला खात्री आहे.
१३. मी कळव्याला राहत असल्यामुळे महापेला येणे मला सोयीचे आहे.
१४. माझा बायोडेटा सोबत जोडला आहे, कृपया तो पाहावा.
१५. माझ्या अर्जाचा सकारात्मक विचार व्हावा, ही विनंती.
१६. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

एकूण १६ वाक्ये आणि १६२ शब्द. आता प्रत्येक वाक्यापुढे चारपैकी एक खूण करावी. वाक्य जाहिरातीतील एखाद्या मागणीला उत्तर देत असेल तर ‘मागणी’; केलेल्या कामाचा तपशील देत असेल तर ‘पुरावा’; पद, राहण्याचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, जोडपत्र अशी आवश्यक माहिती देत असेल तर ‘व्यवहार’; आणि यांपैकी काहीच करत नसेल तर ‘रिकामे’.

रिकामे वाक्य ओळखण्यासाठी एक साधी कसोटी आहे. तेच वाक्य पनवेलमधील एखाद्या रुग्णालयात स्वागतकक्षाच्या नोकरीसाठी पाठवता येईल का, असे विचारावे. ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय आहे’ हे वाक्य तेथेही चालते, म्हणजे लेखा विभागाच्या या जागेबद्दल ते काहीच सांगत नाही.

या कसोटीवर २, ६, ७, १०, ११, १२, १५ आणि १६ ही आठ वाक्ये रिकामी निघाली. निम्मा ईमेल. ‘पुरावा’ ही खूण मिळवणारे वाक्य एकच होते, नववे. आणि ते सहा, सात, आठ या तीन वाक्यांच्या मागे उभे होते. पाचव्या मागणीला, म्हणजे रुजू होण्याच्या तारखेला, एकाही वाक्यात उत्तर नव्हते.

सावधान: या टप्प्यावर काहीही खोडू नये, फक्त खुणा कराव्यात. लगेच खोडायला सुरुवात केली की जे उरते त्यालाच चांगले मानण्याची घाई होते आणि काय सुटले आहे, हे पाहायचे राहून जाते.

## टप्पा ३: रोख दुरुस्त करणे

या टप्प्यात दोन कामे आहेत: पुराव्याचे वाक्य मोकळे करून त्यात तपशील भरणे, आणि सुटलेल्या मागणीचे उत्तर घालणे.

नवव्या वाक्याबद्दल मी भाचीला विचारले, “पाठपुरावा म्हणजे तू नेमके काय करतेस?” तिने उत्तर दिले ते असे: “अहो मामा, १४ तारखेला २बी तयार होते आणि २० तारखेपर्यंत ३बी हे विवरणपत्र भरायचे असते. मधल्या पाच-सहा दिवसांत नव्वदेक पुरवठादारांची बिले टॅलीशी ताडून पाहते. ज्यांची दिसत नाहीत त्यांना फोन करते, आणि दिसेपर्यंत त्यांच्या पेमेंटमधली कराची रक्कम थांबवते. ही पद्धत मीच चालू केली.” जी गोष्ट मुलाखत घेणाऱ्याने ऐकून मान वर करावी, ती मसुद्यात नव्हती, कारण रोजचे काम तिला सांगण्यासारखे वाटले नव्हते. मी तपासलेल्या बहुतेक ईमेलमध्ये असेच घडलेले दिसते. म्हणून पुराव्याच्या वाक्याला नेहमी तीन प्रश्न विचारावेत: किती, किती वेळाने, आणि माझ्यामुळे त्यात काय बदलले?

तपशील भरताना सध्याच्या कंपनीची उलाढाल, पुरवठादारांची नावे किंवा करातील नेमक्या रकमा लिहू नयेत. बिलांची किंवा पुरवठादारांची ढोबळ संख्या पुरेशी असते. आजच्या कंपनीची माहिती बाहेर सांगणारा माणूस उद्या आपलीही सांगेल, हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

यानंतर क्रम ठरवावा. पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मेलच्या यादीत पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि त्यापुढे मजकुराचे पहिले काही शब्द दिसतात. तेथे ‘हा ईमेल मी आपल्या कंपनीतील…’ असे दिसले, तर ती जागा वाया गेली, कारण पदाचे नाव विषयाच्या ओळीत आधीच आहे. अनुभव आणि मुख्य काम सांगणारे वाक्य आधी घ्यावे आणि अर्जाचा उल्लेख त्याच्यामागे ठेवावा.

तपासा: पहिली दोन वाक्ये वाचून जाहिरातीची मुख्य मागणी ओळखता येते का? येत नसेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा ४: पुनरुक्ती शोधणे

पुनरुक्ती तीन ठिकाणी असते आणि तिन्ही वेगवेगळ्या नजरेने शोधाव्या लागतात.

पहिली अर्थाची. शब्द बदललेले असल्यामुळे ती डोळ्यांना सहज सापडत नाही. तिसरे आणि आठवे वाक्य हे एकच विधान आहे. ‘सखोल’ या शब्दाने त्यात काहीच भर पडत नाही. १४, १५ आणि १६ ही तीन वाक्ये मिळून एकच विनंती करतात. अशी पुनरुक्ती शोधण्यासाठी प्रत्येक वाक्याचा अर्थ समासात दोन-तीन शब्दांत लिहावा: ‘चार वर्षे’, ‘वेळेवर काम’, ‘विचार व्हावा’. समासात तेच शब्द पुन्हा आले की जोडी सापडली. त्यातील जे वाक्य अधिक नेमके आहे ते ठेवावे. दोन्ही जोडून एक लांब वाक्य करणे ही नेहमीची चूक आहे. त्याने पुनरुक्ती जात नाही, फक्त पूर्णविराम जातो.

दुसरी शब्दांची. ती शोधण्यासाठी Ctrl+F पुरेसे आहे. या मसुद्यात ‘मी’ ११ वेळा आणि ‘काम’ वेगवेगळ्या रूपांत ७ वेळा आले होते. मराठीत क्रियापदावरूनच कर्ता कळतो, त्यामुळे बरेच ‘मी’ सहज काढता येतात. इंग्रजीत तसे करता येत नाही. तेथे लागोपाठच्या वाक्यांची सुरुवात ‘आय’ने होत असेल तर एखाद्या वाक्याची सुरुवात वेळेने किंवा कामाच्या नावाने करावी.

सावधान: जाहिरातीतील कामाची नावे हा याला अपवाद आहे. जाहिरातीत ‘टॅली’ असेल तर ईमेलमध्ये ‘टॅली’च लिहावे. पुनरुक्ती टाळायची म्हणून ‘संगणकीय लेखाप्रणाली’ असे काही लिहिल्यास वाचणाऱ्याची नजर ज्या शब्दाला शोधते तोच सापडत नाही.

तिसरी पुनरुक्ती ईमेल आणि बायोडेटा यांच्यातील, आणि हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दोन्ही शेजारी उघडून पाहावेत. पाचव्या वाक्यातील सहा कामांची यादी बायोडेट्यात त्याच क्रमाने होती. यादी देणे हे बायोडेट्याचे काम आहे. त्या यादीतील एक गोष्ट उलगडून सांगणे हे ईमेलचे. त्यामुळे पाचवे वाक्य गेले, त्यातील पुरवठादारांची देणी आणि टॅली एवढे दोन उल्लेख इतर वाक्यांत सामावले. वाणिज्य पदवीचा उल्लेखही काढला, कारण जाहिरातीत ‘पदवीधर’ एवढेच होते आणि बायोडेट्याच्या सुरुवातीलाच ते दिसत होते. पदवी ही जाहिरातीतील खास अट असती, तर ती ईमेलमध्ये ठेवायलाच हवी होती.

## टप्पा ५: लांबी

आता रिकामी वाक्ये काढावीत आणि मग शब्द मोजावेत. गूगल डॉक्समध्ये Ctrl+Shift+C दाबल्यावर शब्दसंख्या दिसते. वर्डमध्ये ती खालच्या पट्टीवर असते. नमस्कारापासून मोजू नये, पहिल्या वाक्यापासून सहीच्या आधीपर्यंत मोजावे.

मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत मावतो. म्हणून मराठी ईमेलसाठी मी ८० ते १२० शब्द ही मर्यादा धरतो आणि इंग्रजीसाठी १२० ते १८०. हा काही कोणाचा नियम नाही. मोबाइलवर दोनदा बोट फिरवून संपेल एवढा मजकूर असावा, या अनुभवातून आलेला तो अंदाज आहे. दहा-बारा वर्षांहून अधिक अनुभव असेल किंवा क्षेत्र बदलत असाल, तर आणखी एक परिच्छेद समजून घेण्यासारखा असतो.

अजूनही मजकूर जास्त भरत असेल, तर सुटे शब्द कापू नयेत. पूर्ण वाक्य काढावे, आणि तेही ‘व्यवहार’ खुणेच्या वाक्यांतून आधी. ‘महापेला येणे मला सोयीचे आहे’ असे सांगायची गरज नाही. ‘कळव्याला राहते’ एवढ्यावरून नवी मुंबईतील माणसाला ते कळते.

सावधान: कापताकापता ‘बायोडेटा जोडला आहे, कृपया पाहावा’ एवढेच उरणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. ‘पुरावा’ खुणेची दोन वाक्ये कोणत्याही परिस्थितीत शिल्लक राहिली पाहिजेत. सौजन्याचे एक वाक्यही ठेवावे, एकच.

दुरुस्तीनंतरचा ईमेल असा झाला:

> विषय: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह (महापे): ४ वर्षे अनुभव, जीएसटीआर-२बी मेळ
>
> आदरणीय महोदय/महोदया,
>
> वागळे इस्टेटमधील एका इंजिनिअरिंग कंपनीत मी चार वर्षे लेखा विभागात असून जीएसटी विवरणपत्रे आणि पुरवठादारांची देणी ही दोन्ही कामे स्वतंत्रपणे सांभाळते. आपल्या महापे कार्यालयातील अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी हा अर्ज करीत आहे.
>
> दर महिन्याला जीएसटीआर-२बी तयार झाल्यावर सुमारे ९० पुरवठादारांची बिले टॅलीतील खरेदी नोंदींशी ताडून पाहते, न दिसणाऱ्या बिलांची यादी करते आणि विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी संबंधितांकडे पाठपुरावा करते. बिल दिसेपर्यंत त्या पुरवठादाराच्या देण्यातील कराची रक्कम राखून ठेवण्याची पद्धत आमच्याकडे मीच सुरू केली.
>
> मी कळव्याला राहते. राजीनाम्यानंतर ३० दिवसांत रुजू होऊ शकेन. बायोडेटा सोबत जोडला आहे. आपल्या सोयीच्या वेळी भेटीस येऊ शकेन.

आठ वाक्ये, ९० शब्द. मूळ १६ वाक्यांपैकी एकही जसेच्या तसे उरलेले नाही, आणि ज्या तीन गोष्टी मसुद्यात नव्हत्या त्या, म्हणजे पुरवठादारांची संख्या, तिने सुरू केलेली पद्धत आणि रुजू होण्याची मुदत, आता आहेत. ईमेल आखूड झाला, तरी त्यातील माहिती वाढली आहे. ‘मीच’ हा शब्द मी आधी काढायला सांगणार होतो, पण तेथे तो खरा आहे आणि हवाही आहे, म्हणून राहू दिला.

## टप्पा ६: दुसऱ्याकडून एकदाच वाचून घेणे

ईमेल घरातील किंवा ओळखीतील एका व्यक्तीला मोबाइलवर पाठवून वाचायला सांगावा. ‘कसा वाटला?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘छान आहे’ किंवा ‘अजून थोडे लिही’ हीच दोन उत्तरे मिळतात, आणि दुसऱ्या उत्तरामुळे काढलेली आठही वाक्ये परत येतात. भाचीच्या वडिलांनी ‘प्रामाणिक’ हा शब्द पुन्हा घालायला सांगितलाच होता. त्याऐवजी वीसेक सेकंदांनी मोबाइल परत घेऊन दोन प्रश्न विचारावेत: ही जागा कोणती आहे, आणि हा अर्जदार नेमके कोणते काम चांगले करतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘अकाउंट्सचे’ असे आले, तर तिसऱ्या टप्प्यावर परत जावे. ‘बिले जुळवण्याचे’ असे काही आले, तर रोख लागला आहे.

ईमेल स्वतः मोठ्याने एकदा वाचावा. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडावे. नंतरच मजकूर मेलमध्ये परत आणावा, बायोडेटा जोडावा आणि सर्वांत शेवटी पत्ता लिहावा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये पाठवलेला ईमेल मागे घेण्याची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती आधीच वाढवून ठेवावी.

## टप्पा ७: पुढच्या अर्जासाठी तोच ईमेल वापरताना

एकदा नीट झालेला ईमेल पुढे दहा ठिकाणी तसाच पाठवला जातो, आणि तेथे रोख पुन्हा हरवतो. पहिला आणि शेवटचा परिच्छेद थोड्या बदलांनी चालतो. मधला परिच्छेद मात्र प्रत्येक जाहिरातीसाठी नव्याने तपासावा लागतो. तुर्भे येथील एखाद्या गोदामाने ई-वे बिल आणि मालसाठ्याच्या नोंदींसाठी माणूस मागितला असेल, तर २बीचा परिच्छेद कितीही चांगला असला तरी तेथे तो अर्धा रिकामाच आहे. अशा वेळी पहिल्या टप्प्यापासून मागण्यांची यादी करून त्या कामाचा पुरावा लिहावा.

पाठवण्यापूर्वी आधीच्या अर्जातील कंपनीचे नाव, पदाचे नाव आणि ठिकाण हे तीन शब्द विषयाच्या ओळीसह संपूर्ण ईमेलमध्ये शोधावेत. भाचीने तुर्भ्याच्या अर्जात हा शोध घेतला, तेव्हा ‘महापे’ मजकुरात कुठेही नव्हते. विषयाच्या ओळीत तेवढे राहिले होते.